ऐच्छिक निबंधाची रिकामी चौकट

अमेरिकी विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करणारे आपल्याकडचे विद्यार्थी दरवर्षी शरद ऋतूत एका चौकटीपाशी येऊन अडतात. बाकीचा अर्ज भरून झालेला असतो. संशोधनाचा हेतू सांगणारे निवेदन, म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', लिहून झालेले असते. लेखनाचा नमुना जोडलेला असतो. तीन शिफारसपत्रे मार्गी लागलेली असतात. गुणपत्रके चढवलेली असतात. आणि मग शेवटच्या पानावर एक पांढरी जागा दिसते. तिच्यावर लिहिलेले असते की, आणखी काही सांगावयाचे असल्यास येथे सांगा. हे ऐच्छिक आहे. विद्यार्थी साहित्याचा असेल तर त्याची पंचाईत अधिकच होते. लिहिता येणे हीच त्याची लायकी मानलेली असताना कोरी जागा सोडून देणे त्याला कबुलीजबाबासारखे वाटते. आणि लिहावे म्हटले तर लिहिण्यासारखे काही उरलेले नाही, असेही त्याला प्रामाणिकपणे वाटत असते.

या पेचाविषयी आमचे एक मत आहे, आणि ते प्रचलित सल्ल्याशी फारसे जुळत नाही. प्रचलित सल्ला, विशेषतः शिकवणीवर्गांचा, असा की 'ऐच्छिक' हा शब्द शिष्टाचाराचा असून प्रत्यक्षात ते लिहायचेच असते. त्याच्या उलट टोकाचा सल्ला आमच्यासारख्या मास्तरांचा असतो: काही राहिले नसेल तर कशाला उगीच? दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की काही राहिले आहे की नाही हे अर्जदाराला स्वतःला ठाऊक असते. आमचे म्हणणे इतकेच की ते त्याला ठाऊक असू शकत नाही. आपल्या अर्जाचा सर्वांत वाईट वाचक तो स्वतःच असतो.

हे उलगडण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण 'ऐच्छिक निबंध' या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार वावरतात. पहिला प्रकार हा खरोखर दुसरा निबंधच असतो. पदवीपूर्व प्रवेशासाठी ड्यूक विद्यापीठ गेली काही वर्षे आपल्या निरनिराळ्या ऐच्छिक प्रश्नांपैकी जास्तीत जास्त दोन निवडून प्रत्येकी अडीचशे शब्दांत उत्तरे लिहिण्याची मुभा देत आले आहे, आणि तेही अर्जात अन्यत्र न आलेले काही सांगावयाचे असेल तरच, अशा सूचनेसह. येथे प्रश्न नेमका असतो, विषय दिलेला असतो. हजारो अर्ज वाचणाऱ्या प्रवेश-कचेरीला सतरा-अठरा वर्षांच्या, सारख्याच गुणांच्या मुलांमध्ये फरक करायचा असतो. तेथे विद्यार्थ्याजवळ बरे उत्तर असेल तर ते द्यावे, या सल्ल्यात तथ्य आहे. दुसरा प्रकार म्हणजे 'अतिरिक्त माहिती'ची चौकट. तिला विषय नसतो. पदवीपूर्व प्रवेशाच्या 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' या सामाईक अर्जात ही चौकट अनेक वर्षे साडेसहाशे शब्दांची होती. २०२५-२६ च्या प्रवेशवर्षापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ती तीनशे शब्दांवर आणली गेली. या कपातीचे कारण शोधायला फार लांब जायला नको: माहितीच्या जागेत लोक निबंध लिहू लागले होते, असे कोणीही अर्ज वाचणारा सांगेल.

पीएच.डी.च्या अर्जात भेटते ती बहुधा या दुसऱ्या जातीची चौकट. आणि तिचा वाचकही वेगळा असतो. तेथे प्रवेश-कचेरीचा अधिकारी अंतिम निर्णय घेत नाही. त्या विभागातले चार-पाच प्राध्यापक, आपली अध्यापनाची कामे सांभाळून, अर्जांचा गठ्ठा वाटून घेतात. त्यांच्यासमोर प्रत्येक अर्जासोबत वीसेक पानांचा लेखनाचा नमुना आणि तीन पत्रे असतातच. अशा वाचकाला आणखी एका आत्मकथनाची भूक नसते. 'ऐच्छिक म्हणजे अनिवार्य' हा सल्ला पदवीपूर्व अर्जांच्या दुनियेतून उचलून येथे आणला गेला आहे, आणि येथे तो चुकीचा आहे.

आपल्याकडचा विद्यार्थी हा सल्ला इतक्या सहज का स्वीकारतो, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही चार प्रश्न सोडवा' असे असते. म्हणजे विकल्प कोणता प्रश्न सोडवायचा याचा असतो, सोडवायचा की नाही याचा नसतो. कोरे पान म्हणजे शून्य गुण, हे आपण दहावीच्याही आधी शिकतो. शिवाय पुरवणी घेणारा विद्यार्थी हुशार, ही समजूत परीक्षागृहात अजून जिवंत आहे. तेव्हा चौकट दिसली की हात आपोआप पुरवणीकडे जातो. आणि विषय दिलेला नसला की जो मजकूर उतरतो तो शालेय निबंधाचा: लहानपणापासून मला वाचनाची आवड होती, आमच्या गावात ग्रंथालय नव्हते, आईने मला गोष्टी सांगितल्या, पुढे साहित्याने मला जग दाखवले. यातले एकेक वाक्य खरे असेल. पण हाच मजकूर शेजारच्या अर्जदाराच्या फायलीत घातला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. ते एका व्यक्तीचे नाही. आमच्या पाहण्यातल्या दोन-तीन विद्यार्थिनींचे अर्ज आम्ही येथे एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही.

विद्यार्थिनी मराठीची. एम.ए. २०१८ चे. त्यानंतर एम.फिल., २०२१ चे. लघुप्रबंध ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या १८८२ च्या निबंधावर. ताराबाई वाचकाला कशा संबोधतात, पुरुषांना थेट हाक मारून वाद कसा घालतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यात ही बोलभाषेची ठसकेबाज सवय कोठून येते, असा तिचा विषय. अर्ज तौलनिक साहित्याच्या आणि दक्षिण आशियाई अभ्यासाच्या विभागांसाठी. लेखनाचा नमुना म्हणून तिने लघुप्रबंधातले एक प्रकरण इंग्रजीत दिले होते, बावीस पानांचे. जीवनवृत्तात पाच वर्षांच्या अध्यापनाची नोंद होती. हेतुनिवेदन उत्तम होते. आम्ही ते दोनदा वाचले आणि त्यात बदलण्यासारखे आम्हांला काही दिसले नाही. अतिरिक्त माहितीची चौकट रिकामी ठेवावी, असे तिचे मत होते. काहीच राहिले नाही, असे ती म्हणाली, आणि आम्हांलाही तसेच वाटले. का वाटणार नाही? आम्ही मराठीचे, ज्या गोष्टी कागदावर नव्हत्या त्या आमच्या डोक्यात होत्या.

तिने केले ते असे. संपूर्ण अर्ज, शिफारसपत्रे सोडून, तिने रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना वाचायला दिला. ते मूळचे केरळचे, अमेरिकेत संशोधन करून आलेले, मराठी वाचता न येणारे आणि तिला फारसे न ओळखणारे. त्यांना 'कसा वाटला?' असे विचारायचे नाही, हे ठरलेले होते. कारण या प्रश्नाला माणसे 'छान आहे' याखेरीज काही सांगत नाहीत. त्यांनी अर्ज एकदा वाचायचा, कागद बाजूला ठेवायचे आणि ही मुलगी कोण, तिने आजवर काय केले, तिला पुढे काय करायचे आहे, हे आठवून तोंडी सांगायचे. तिने मध्ये बोलायचे नाही. जे चुकीचे सांगतील ते आणि जेथे अडखळतील ते तेवढे टिपून घ्यायचे.

प्राध्यापक महाशयांनी तिचा संशोधनविषय जवळजवळ बिनचूक सांगितला. म्हणजे हेतुनिवेदनाने आपले काम केले होते. त्याला पूरक म्हणून चौकटीत आणखी काही लिहिण्याची गरज नव्हती. पण तीन ठिकाणी गाडी अडली.

पहिले ठिकाण अध्यापनाचे. 'पाच वर्षांत तीन महाविद्यालये बदललीस, कोठे टिकली नाहीस असे दिसते', असे ते म्हणाले. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही बिगर-कायम अध्यापकाला सांगावे लागत नाही: नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती, मोबदला तासांवर, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत आणि पुन्हा नवे महाविद्यालय. जीवनवृत्तात तिने 'सीएचबी लेक्चरर' एवढेच लिहिले होते. ही तीन अक्षरे आपल्या विद्यापीठीय जगात एका संपूर्ण पिढीचे चरित्र आहेत; बाहेरच्या वाचकाला ती एखाद्या संस्थेचे नाव वाटावीत. यावर ऐच्छिक निबंधात एक हृदयद्रावक परिच्छेद सहज लिहिता आला असता. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने तसा आग्रहही धरला, आणि त्यांच्या संतापाशी आम्ही सहमत आहोत. पण येथे निबंधाची जागा नाही. जीवनवृत्तातच त्या नोंदीपुढे एक वाक्य घातले की काम झाले: अर्धवेळ नेमणुका, प्रत्येक एका शैक्षणिक वर्षासाठी, मोबदला तासिकांनुसार. जी गोष्ट अनिवार्य कागदात बसते ती तेथेच बसवावी. चौकटीत नेऊन ठेवली की ती सबब वाटू लागते, आणि मूळ कागद तसाच चुकीचा राहतो. सगळेच वाचक शेवटच्या पानापर्यंत पोचतात असेही नाही.

दुसरे ठिकाण एम.फिल.चे. 'एक संशोधनपदवी असताना दुसरी कशाला?' असा प्रश्न आला. युजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी.विषयक नियमांनी एम.फिल. बंद केले, हे तिला सांगावेसे वाटले. आमच्या मते त्याची आवश्यकता नव्हती. दक्षिण आशियाशी संबंधित विभागांना भारतीय एम.फिल. म्हणजे काय ते ठाऊक असते. ती पदवी पीएच.डी.ची जागा घेत नाही हेही ठाऊक असते. शिवाय ती बंद झाल्याने या अर्जदाराच्या कामात काही फरक पडलेला नाही. अनोळखी वाचकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न उत्तर देण्याजोगा नसतो. खरा वाचक तो प्रश्न विचारील काय, आणि उत्तर न मिळाल्यास काही चुकीचे समजेल काय, या दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तेथेच शब्द खर्च करावेत. पर्सेंटेजचेही तसेच. साठ टक्क्यांना आपल्याकडे परंपरेने प्रथम वर्ग म्हणतात, हे स्पष्टीकरण विद्यार्थी हटकून लिहितात; पण गुणपत्रकाच्या पाठीमागे श्रेणींचा तक्ता छापलेला असेल तर ते सांगून झालेले असते.

तिसरे ठिकाण मात्र असे निघाले की आम्ही चकित झालो. प्राध्यापकांनी सहज विचारले, 'हे प्रकरण इंग्रजीत कोणी लिहिले?'

लघुप्रबंध मराठीत होता. तिने स्वतः त्यातले एक प्रकरण इंग्रजीत आणले होते. मूळची पन्नासेक पाने बावीसवर आणताना दोन उपविभाग गाळले होते, आणि इंग्रजी वाचकासाठी आरंभी नवे दीड पान लिहिले होते. ताराबाईंच्या उताऱ्यांची भाषांतरे बहुतेक ठिकाणी तिची स्वतःची होती. रोझलिंड ओ'हॅनलन यांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर १९९४ सालापासून उपलब्ध आहे. ते तिने वाचले होते आणि काही ठिकाणी जाणीवपूर्वक वेगळा पर्याय निवडला होता, कारण तिचा सारा युक्तिवादच संबोधनाच्या रूपांवर उभा होता. मराठीतले 'अरे' आणि 'अहो' यांतले अंतर इंग्रजीच्या एका सर्वनामात नाहीसे होते. या सगळ्यातले एक अक्षरही अर्जात नव्हते. नमुन्याच्या पहिल्या पानावर इंग्रजी शीर्षक होते आणि खाली तिचे नाव. बस्स.

आता शिफारसपत्राचा विचार करा. ते अर्जदाराला दिसत नाही. अमेरिकी कायद्यानुसार पुढे ते पाहण्याचा हक्क मिळू शकतो, पण बहुतेक अर्जदार तो अर्जातच सोडून देतात आणि तसे करणेच रास्त मानले जाते. तिच्या मार्गदर्शकांनी मात्र बोलण्याच्या ओघात एवढे सांगितले होते की, पत्रात आपण तिच्या मराठी लघुप्रबंधाचे, त्याच्या मराठी शीर्षकासह, कौतुक केले आहे. म्हणजे समितीपुढे काय येणार होते? एका पत्रात एका मराठी प्रबंधाची स्तुती, आणि समोर दुसऱ्याच नावाचा एक इंग्रजी लेख. हे दोन वेगळे लेख आहेत की एकच? एकच असेल तर ही सफाईदार इंग्रजी कोणाची? एखाद्या भाषांतरकाराला पैसे देऊन करून घेतलेली? समितीतला कोणी तसे मोठ्याने म्हणेलच असे नाही. वाचताना मनात एक किंतु येतो, आणि पुढच्या अर्जाकडे वळायला तेवढे पुरते. ज्या कामाचे श्रेय तिला दुपटीने मिळायला हवे होते, एकदा संशोधनाचे आणि एकदा भाषांतराचे, तेच काम संशयाचे कारण ठरू शकत होते. आणि आम्ही सारे 'काही राहिले नाही' म्हणून निश्चिंत होतो, कारण मराठीच्या विद्यार्थिनीने मराठीत प्रबंध लिहिला यात सांगण्यासारखे काय आहे, असे आम्हांला वाटत होते.

हे हेतुनिवेदनात सांगता आले नसते का? तिने प्रयत्न केला. हजार शब्दांच्या त्या निवेदनात युक्तिवादाचा धागा सलग होता. मध्ये 'जोडलेल्या प्रकरणातील दोन उपविभाग गाळले आहेत' असे वाक्य आले की तो तुटे. नमुन्याच्या पहिल्याच पानावर तळटीप देणे हा दुसरा मार्ग होता, आणि एक ओळ तिने तेथे दिलीही: मूळ मराठीवरून लेखिकेचे स्वतःचे भाषांतर. पण तळटीप तिच्या निवडींविषयी सांगू शकत नव्हती, आणि पृष्ठसंख्येची मर्यादा कडक होती. जे अनिवार्य कागदात बसत नाही आणि सांगितले नाही तर गैरसमज करते, असे काही अखेर सापडले होते. ती चौकट ज्यासाठी असते ते हेच.

पहिला खर्डा तरीही बिघडला. तो सुरू झाला भाषांतर म्हणजे दोन संस्कृतींमधला पूल या वाक्याने. हे वाक्य का खोडले, हे साहित्याच्या वाचकांना सांगत बसत नाही. दुसऱ्या खर्ड्यात तिने ओ'हॅनलन यांच्या भाषांतरावर टीका केली होती. तीही गेली, कारण चौकटीतल्या चार ओळींत एका प्रतिष्ठित अभ्यासकाशी वाद घालता येत नाही, फक्त आगाऊपणा करता येतो. तो वाद नमुन्यातच, उताऱ्यांच्या आधाराने, घातलेला होता. तिसरा खर्डा उरला. मूळ मजकूर इंग्रजीत. त्याचा आशय मराठीत असा:

'जोडलेला लेखनाचा नमुना हा २०२१ साली मराठीत सादर केलेल्या माझ्या एम.फिल. लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा संक्षेप आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या पत्रात ज्या प्रबंधाचा उल्लेख आहे तो हाच. मूळ मराठी शीर्षक पहिल्या पानाच्या तळटीपेत दिले आहे. इंग्रजी भाषांतर मी स्वतः केले आहे. मूळ प्रकरण सुमारे पन्नास पानांचे असून, समकालीन नियतकालिकांवरील दोन उपविभाग पृष्ठमर्यादेमुळे येथे गाळले आहेत; पहिले दीड पान इंग्रजी वाचकांसाठी नव्याने लिहिले आहे. "स्त्रीपुरुषतुलना"तील उताऱ्यांची भाषांतरे, जेथे वेगळे नमूद केले नाही तेथे, माझी आहेत. उपलब्ध प्रकाशित भाषांतर मी वापरले आहे. जेथे वेगळा पर्याय घेतला, तेथे मराठीतील संबोधनाची रूपे वेगवेगळी दिसावीत हा हेतू होता, कारण प्रकरणाचा युक्तिवाद त्यांवर अवलंबून आहे. मूळ मराठी प्रकरण हवे असल्यास पाठवता येईल.'

इतकेच. यात भावना नाही, क्षमायाचना नाही, आणि साहित्याविषयीचे प्रेम तर मुळीच नाही. तरीही हा मजकूर दुसऱ्या कोणाच्या फायलीत चालणार नाही. वाचणाऱ्याला त्यातून एक हिशेबी, नेमकी अभ्यासक दिसते, आणि ते तिने स्वतःविषयी एकही विशेषण न वापरता साधले आहे. शेवटचे वाक्य आम्हांला विशेष आवडले, कारण ते तपासून पाहण्याचे आमंत्रण आहे.

येथे एका अवघड प्रश्नाला हात घातला पाहिजे. या चौकटीत अर्जदारांनी आपली दुःखे लिहावीत, अशी एक अपेक्षा हवेत असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी प्रवेशप्रक्रियेत वंश हा निकष म्हणून वापरण्यास मनाई केली. मात्र वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात सांगितले, आणि त्याचा संबंध त्याच्या एखाद्या गुणाशी वा क्षमतेशी जोडलेला असला, तर ते विचारात घेण्यास हरकत नाही, असेही त्या निकालात म्हटले. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी निबंधांचे प्रश्न नव्याने बेतले, आणि आयुष्याने तुम्हांला कसे घडवले, या जातीचे प्रश्न वाढले. आपल्याकडच्या दलित, भटक्या-विमुक्त, आदिवासी विद्यार्थ्यांना यातून एक प्रश्न पडतो, आणि तो आम्हांला अनेकदा विचारला जातो: जात लिहावी का?

येथे आडनाव वाचता येते; तेथे येत नाही. येथे न सांगता कळते ते तेथे सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या कसोटीनुसार ही 'राहिलेली गोष्ट' आहेच. तरीही आमचे उत्तर सरसकट 'लिहावी' असे नाही. ज्याच्या संशोधनाला त्या अनुभवाने दिशा दिली आहे, म्हणजे कोणते दस्तऐवज कोणाच्या घरातून मिळाले, कोणत्या वस्तीत कोणती बोली ऐकली, कोणता प्रश्न दुसऱ्या कोणाला सुचला नसता, त्याने तो लिहावा. आणि खरे तर ऐच्छिक चौकटीत नव्हे, हेतुनिवेदनात लिहावा, कारण ती त्याच्या कामाची पात्रता आहे. ज्याच्या शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला आणि त्याचे कारण वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणे हे आहे, त्याने ते दोन वाक्यांत चौकटीत लिहावे, तारखांसह. पण ज्याच्या कागदांत काही अडत नाही, ज्याचे काम त्याच्याविषयी पुरेसे बोलते, त्याच्यावर आपली जखम उघडी करून दाखवण्याचे कोणतेही ऋण नाही. मराठीतल्या आत्मकथनांनी ही जखम अधिकाराने आणि स्वतःच्या अटींवर मांडली. प्रवेशाच्या अर्जात ती दुसऱ्याच्या अटींवर, तीनशे शब्दांत आणि बक्षिसाच्या आशेने मांडावी लागते. तसे करणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही, त्याची गरज आम्हांला दिसते. मात्र न करणाऱ्याला 'तू संधी सोडलीस' असे म्हणणाऱ्या सल्लागारांशी आमचे भांडण आहे.

या आत्मप्रकटनाच्या आग्रहाचा इतिहासही फारसा निर्मळ नाही. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी 'द चोझन' या २००५ च्या ग्रंथात दाखवले आहे की, हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुणांऐवजी 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व दिले ते मुख्यतः ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी. अर्जात स्वतःविषयी सांगण्याची सोय वाढली ती अशा मार्गाने. पुढे तीच सोय वंचितांना उपयोगी पडली हे खरे. पण चौकट दिसली की मन मोकळे करावे, इतकी ती मुळात निरागस नाही.

असो. उरतो तो अर्जदार ज्याचे खरोखरच काही राहिलेले नाही. असाही एक विद्यार्थी आमच्या पाहण्यात आहे. इंग्रजीत एम.ए.; नमुना मूळचाच इंग्रजीत; सलग शिक्षण; गुण चांगले. त्यानेही अर्ज एका अनोळखी वाचकाला दिला, आणि त्या वाचकाने वीस मिनिटांनी त्याचे सारे काम, त्यातल्या एका कच्च्या दुव्यासह, त्याला सांगून दाखवले. कच्चा दुवा हेतुनिवेदनातला होता. तो तेथे दुरुस्त झाला. चौकट मात्र त्याला झोपू देईना. त्याने तिच्यात काव्यशास्त्रावरच्या आपल्या एका परिसंवादाची हकिगत लिहिली, मग ती काढली, कारण ती जीवनवृत्तात होती. मग एका आवडत्या प्राध्यापकांविषयी लिहिले, तेही काढले. त्यांचेच शिफारसपत्र जात होते. अर्ज पाठवण्याच्या दिवशी त्याने आम्हांला विचारले की, निदान 'सांगण्यासारखे अधिक काही नाही, धन्यवाद' एवढे तरी लिहू का? आम्ही म्हटले, तेही नको. त्याने ती जागा कोरी ठेवून कळ दाबली.